पक्की शे ना, भाऊ?

पारोळ्याकडच्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ‘भाऊ, पोर्‍याले नोकरी लागनी.’ मुलगा आयटीआय फिटर, नुकताच पास झालेला. जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून त्याला मेसेज आला होता. मेव्हण्यांनी तर शोरूमला जाऊन हप्त्यावर मोटारसायकलचं विचारूनही ठेवलं होतं, कारण गावातून पहाटेच्या पाळीला पोहोचायचं कसं हा प्रश्न होताच. सगळं सांगून झाल्यावर तिने आवाज जरा खाली आणला आणि विचारलं, ‘पक्की शे ना?’

मी जळगावातल्या कारखान्यांच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढली आहेत. हजेरी, पगारपत्रक, नेमणुकीची पत्रं, कमी करण्याची पत्रं, सगळं या हातांनी केलं आहे. म्हणून तिला म्हटलं, तो मेसेज मला पाठव, मग सांगतो. मेसेज तीन ओळींचा होता. वर लिहिलं होतं ‘अप्रेंटिस भरती’, मधे ‘ट्रेनी म्हणून निवड’, आणि खाली ‘सॅलरी ७,०००’. तीन ओळींत तीन वेगवेगळ्या गोष्टी. पाठवणार्‍याला त्यातला फरक माहीत नव्हता असं मी मानत नाही. आपल्याकडे हे तिन्ही शब्द एकाच पोत्यात भरून ठेवणं सोयीचं आहे, आणि ती सोय कोणाची, यावरच हा लेख आहे.

कायद्याच्या नजरेने कारखान्यात दोनच प्रकारची माणसं असतात. एक कामगार, दुसरा शिकाऊ. कामगाराला पगार मिळतो आणि शिकाऊला विद्यावेतन. हा नुसता नावाचा फरक नाही. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचं कलम १८ स्पष्ट सांगतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायद्यांच्या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. म्हणजे किमान वेतन नाही, पीएफ नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्याच्या मोबदल्यात मालकाने त्याला धंदा शिकवायचा. हा सौदा आहे, आणि माझ्या मते वाईट सौदा नाही. वीस वर्षांच्या पोराच्या हाताला अजून मायक्रोमीटरची सवय नसते, त्याच्या हातून माल वाया जातो, कोणीतरी जुना माणूस त्याच्यामागे उभा ठेवावा लागतो. त्याचा खर्च मालकाने करायचा आणि वर पूर्ण पगारही द्यायचा, असं म्हणणं व्यवहाराचं नाही.

पण सौद्याला दोन बाजू असतात. पैसे कमी घेतले तर शिक्षण मिळालं पाहिजे. आपल्या भागात पहिली बाजू काटेकोर पाळली जाते आणि दुसरीची कोणी चौकशी करत नाही.

आकड्यांनीच सांगतो, म्हणजे कोण कोणाला किती स्वस्त पडतो ते दिसेल. २०१९ साली शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत विद्यावेतनाचे किमान दर सुधारले गेले. पाचवी ते नववी शिकलेल्याला दरमहा ५,०००, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. प्रशिक्षण एका वर्षापेक्षा लांब असेल तर दुसर्‍या वर्षी दहा टक्के आणि तिसर्‍या वर्षी पंधरा टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० या दरम्यान न्यावेत अशी शिफारस केली. मेसेजमधला ७,०००चा आकडा २०१९च्या दराचा आहे, म्हणून हिशेबही त्यानेच करतो.

आमच्या भाच्याचे ७,००० घ्या. कारखाना केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत असेल तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. ते आता थेट पोराच्या खात्यात येतात. म्हणजे कारखान्याच्या खिशातून जातात ५,५००. (इथे एक बारीक गंमत होते. पोराचं आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं असतं, शाळेतल्या शिष्यवृत्तीच्या वेळी उघडलेलं, पासबुक हरवलेलं. दीड हजार तिकडे जमा होत राहतात आणि पोरगा चार महिने म्हणत असतो की कंपनीने पैसे कापले. माझ्याकडे अशी भांडणं डझनाने आली असतील.)

आता त्याच मशीनवरचा पक्का कामगार घ्या. हिशेबासाठी त्याचा पगार १३,००० धरू. मालकाला त्यावर पीएफचा वाटा आणि त्याचा प्रशासकीय खर्च मिळून तेरा टक्के, ईएसआयचे सव्वातीन टक्के, बोनसचे निदान ८.३३ टक्के आणि ग्रॅच्युइटीसाठी साधारण पावणेपाच टक्के बाजूला काढावे लागतात. एकूण खर्च १६,८००च्या आसपास जातो. म्हणजे एका पक्क्या कामगाराच्या पैशांत तीन शिकाऊ बसतात. कामगाराच्या हातात मात्र १३,०००तले सगळे येत नाहीत. पीएफचे १,५६०, ईएसआयचे ९८, व्यवसाय कराचे २०० गेले की ११,१०० आणि वर काही रुपये उरतात. वरवर पाहिलं तर शिकाऊ आणि कामगार यांच्या हातातल्या पैशांत चार हजारांचा फरक दिसतो. खरा फरक त्या कापलेल्या आणि मालकाने भरलेल्या पैशांत असतो. कामगाराच्या नावाने पीएफमध्ये दर महिन्याला भर पडते, पेन्शनची सेवा मोजली जाते, आजारपणात ईएसआयचं कार्ड चालतं. शिकाऊचं वर्ष संपतं तेव्हा त्याच्या नावावर यातलं काहीच साठलेलं नसतं. त्याच कारखान्यात तो पुढे कायम झाला, तरी त्याची नोकरी पहिल्या दिवसापासून नव्याने सुरू होते.

एवढा फरक असल्यावर मोह होणारच. कायद्याने तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कारखान्याला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, आणि या मनुष्यबळात ठेकेदाराची माणसंही धरतात. चारशे माणसांचा कारखाना असेल तर किमान दहा, जास्तीत जास्त साठ. दहा घेणार्‍या कारखान्यात साधारण शिकवायलाच घेतलेले असतात. साठ घेणार्‍याकडे मी थोडं संशयाने पाहतो. चारशे माणसांच्या कारखान्यात निवृत्ती, राजीनामे, मृत्यू सगळं धरून वर्षाला समजा आठ पक्क्या जागा रिकाम्या होत असतील, तर दर वर्षी साठ पोरं शिकवून त्यांना कुठे बसवणार? तिथे नोकरीचं आश्वासन कोणी तोंडी दिलं असेल तर ते गणितातच बसत नाही. आणि प्रत्येक पोरामागे महिन्याला अकरा हजार वाचत असतील, तर साठ पोरांचे पावणेसात लाख होतात. दर महिन्याला.

आता नोकरीच्या वचनाकडे येतो, कारण बहिणीचा प्रश्न तोच होता. १९६१च्या कायद्याचं कलम २२ हा त्याचा मुळातला भाग. सुरुवातीला त्यात सरळ म्हटलं होतं की शिकाऊला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. २०१४ साली दुरुस्ती झाली आणि आता ते कलम म्हणतं की प्रत्येक मालकाने आपल्याकडे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना कामावर घेण्याबाबत स्वतःचं धोरण तयार करायचं. धोरण काय असावं हे कायदा सांगत नाही. ‘आम्ही कोणालाच घेणार नाही’ हेही धोरणच झालं. पण ते असलं पाहिजे. बावीस वर्षांत मी तीन कारखाने पाहिले आणि हे धोरण लिहिलेला कागद एकाही ठिकाणी कुठल्या शिकाऊच्या हातात दिलेला पाहिला नाही. एका ठिकाणी तर तपासणी येणार म्हणून मीच ते एका दुपारी टाइप केलं होतं. चार ओळी. ‘रिक्त जागा व पात्रता यांनुसार विचार केला जाईल.’ साहेबांनी सही केली, फाइलला लावलं, आणि ती फाइल पुन्हा कोणी उघडली नाही.

त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र फार कमी लोकांना माहीत आहे, आणि तोच पोरांच्या कामाचा आहे. करारात जर अशी अट असेल की प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर शिकाऊने इथेच इतकी वर्षं काम केलं पाहिजे, तर मालकही त्याला योग्य नोकरी द्यायला बांधील होतो. बॉन्ड हा एकतर्फी नसतो. पोराला बांधलं की मालकही बांधला जातो. शिवाय ती मुदत किंवा तो मोबदला वाजवी नाही असं शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकार्‍याला, वाटलं तर तो त्यात बदल करू शकतो. आपल्याकडे काय होतं, तर करारात अट घालत नाहीत. त्याऐवजी स्टॅम्पपेपरवर वेगळं काहीतरी लिहून घेतात, मूळ मार्कशीट ठेवून घेतात आणि सांगतात, ‘मधे सोडलंस तर पंचवीस हजार भरावे लागतील.’ मार्कशीट ठेवून घेण्याचा अधिकार या कायद्यात मला तरी कुठे सापडलेला नाही.

आणि इथेच तिसरा शब्द येतो. ट्रेनी.

शिकाऊ उमेदवार हा नोंदणीकृत कराराने होतो. apprenticeshipindia.gov.in या पोर्टलवर पोराने नाव नोंदवायचं, कारखान्याने त्याला निवडायचं, करार तयार होतो, त्यावर दोघांनी मान्यता द्यायची, मग शासनाकडून तो तपासून नोंदला जातो. आपल्याकडे हे काम जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय या शिकाऊ प्रशिक्षणाच्या केंद्रातून चालतं. कराराला क्रमांक असतो. ट्रेड कोणता, सुरुवात कधी, शेवट कधी, विद्यावेतन किती, हे त्यात लिहिलेलं असतं. आयटीआय झालेल्या फिटरला साधारण एक वर्ष. काही ट्रेड कारखाना स्वतः ठरवू शकतो, त्यांची मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असते. पण जी काय मुदत असेल ती पहिल्याच दिवशी माहीत असते आणि ती संपली की शिकाऊपण संपतं.

ट्रेनीचं तसं नसतं. ट्रेनी म्हणजे कारखान्याच्या लेटरहेडवर एक पान. त्यावर लिहिलेलं असतं की तुम्हाला प्रशिक्षणार्थी म्हणून एक वर्षासाठी घेत आहोत, हे नोकरीचं वचन नाही, प्रशिक्षण वाढवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील. माझ्या हातून असं एक प्रकरण गेलं आहे आणि ते अजून डोक्यात आहे. कासोद्याकडचा एक मुलगा. पाइपच्या प्लांटमध्ये सॉकेटिंगच्या मशीनवर. पहिल्या वर्षी पत्र दिलं ‘ट्रेनी’. दुसर्‍या वर्षी ‘सीनियर ट्रेनी’. तिसर्‍या वर्षी ‘ट्रेनी ऑपरेटर’. मशीन तेच, पाळ्या त्याच, सुट्टीवर गेलेल्या ऑपरेटरच्या जागी उभा राहायचा तोच. दुसर्‍या वर्षाच्या दिवाळीला तर नवीन आलेल्या ट्रेनींना तो शिकवत होता. शिकवणारा प्रशिक्षणार्थी! तिन्ही पत्रं मीच टाइप केली. चौथ्या वर्षी पत्र आलं ते ‘आपले प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं. तेही मीच टाइप केलं. तो पत्र घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, मी नेमकं काय शिकलो ते तरी लिहून द्या.’ लिहून द्यायला काही नव्हतं. त्याच्याकडे ना लॉगबुक होतं, ना परीक्षा झाली होती, ना प्रमाणपत्र.

नोंदणीकृत शिकाऊला हे सगळं मिळायला हवं, आणि त्यावरूनच खरा कोण ते ओळखता येतं. त्याच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवावी लागते. मुदत संपताना परीक्षा असते आणि पास झाला की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचं. त्याला पीस-रेटवर काम देता येत नाही, उत्पादन बोनसच्या योजनेत ओढता येत नाही, सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, ट्रेडशी संबंध नसलेल्या कामाला लावता येत नाही. फिटरच्या पोराला वर्षभर पाइपचे बंडल बांधायला लावलं तर तो कायद्याचा भंग आहे. मात्र २०१४च्या दुरुस्तीने या भंगाची शिक्षा काय ठेवली, तर प्रत्येक वेळी हजार रुपये दंड. महिन्याला अकरा हजार वाचवणार्‍याला हजार रुपयांची भीती घालणं म्हणजे ऊस खाणार्‍या डुकराला टाळ्या वाजवून हाकलण्यातला प्रकार.

कारखानदार ट्रेनी का पसंत करतात, याचं एक कारण जुन्या कामगारांना विचारलं तर ते एका आकड्यात सांगतात. दोनशे चाळीस. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत, असं होतं की तात्पुरत्या कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करायचं. म्हणून तर चाकण-रांजणगावला गेलेली आपली पोरं सात महिन्यांनी ‘ब्रेक’ घेऊन गावी येतात आणि पुन्हा दुसर्‍या ठेकेदाराच्या नावाने चढतात. ट्रेनी म्हटलं की हे दिवस मोजलेच जात नाहीत. सात महिन्यांनी नवं माणूस शोधायची कटकट नाही, आणि शिकलेला हात तीन वर्षं कमी पैशांत राहतो.

कायद्याने ही पळवाट बराच काळ उघडी ठेवली होती हेही खरं. पीएफच्या जुन्या कायद्यात १९६१च्या कायद्याखालचा शिकाऊ वगळलेला होता आणि त्याबरोबर कारखान्याच्या स्थायी आदेशांखालचा शिकाऊही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थायी आदेशांखालच्या प्रशिक्षणार्थींना पीएफसाठी कर्मचारी धरता येणार नाही असं म्हटलं, आणि त्यानंतर ट्रेनीचं पत्र जवळपास प्रत्येक कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार नमुना म्हणून बसलं.

आता मात्र चित्र बदललं आहे, आणि माझा मुख्य मुद्दा इथे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहिता काय किंवा सामाजिक सुरक्षा संहिता काय, कर्मचारी कोण हे सांगताना त्यांनी एकच शिकाऊ बाहेर ठेवला आहे, तो म्हणजे १९६१च्या कायद्याखाली घेतलेला. औद्योगिक संबंध संहितेतही कामगाराच्या व्याख्येतून तोच वगळला आहे. यात शिकाऊचं नुकसानही आहे, कारण आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत शिकाऊचा समावेश होता. कलम १८ने आधीच लोटलेला तो दरवाजा पुरता बंद झाला, आता त्याचा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढेच जायचा. पण त्याच व्याख्या उलटून वाचल्या तर काय दिसतं? ज्याच्याकडे नोंदणीकृत करार नाही आणि जो रोज आठ तास मशीन चालवतो, त्याला बाहेर ठेवायला संहितेत जागा उरलेली नाही. पत्रावर ट्रेनी लिहा, इंटर्न लिहा, नाही तर पाहुणा लिहा. तो कर्मचारी आहे. त्याला किमान वेतन लागू आहे, त्याचा पीएफ कापला गेला पाहिजे.

हे कारखान्यांनी स्वतःहून मानावं अशी माझी भाबडी अपेक्षा नाही. पण तपासणीला येणार्‍या माणसाला फार खोदावंही लागत नाही. हजेरीपटावर किती ट्रेनी आहेत ते मोजायचं, पोर्टलवर त्या कारखान्याचे चालू करार किती आहेत ते मोजायचं. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. जो आकडा उरेल त्यातला प्रत्येक जण कशाच्या आधारावर कमी पैशांत उभा आहे, एवढं एकच विचारायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

अपघाताच्या वेळी हा फरक फार वाईट रीतीने कळतो. पक्क्या कामगाराचं बोट गेलं तर ईएसआय आहे. नोंदणीकृत शिकाऊला ईएसआय नाही, पण कायद्याचं कलम १६ मालकावर भरपाईची जबाबदारी टाकतं आणि करार पोर्टलवर असल्यामुळे ‘हा आमचा नव्हताच’ म्हणता येत नाही. कागदी ट्रेनीला आधी हेच सिद्ध करावं लागतं की तो त्या दिवशी तिथे होता.

मालकांच्या बाजूचं एक म्हणणं ऐकण्यासारखं आहे. जळगावात चटईचे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. त्यातले एक शेठ मला म्हणाले होते, ‘मी पोराला सहा महिने लूम शिकवतो, सातव्या महिन्यात तो सुरतला जातो. मी शाळा काढली आहे का?’ त्यांचं दुखणं खोटं नाही. पण त्यावर कायद्यातच उपाय आहे, तो म्हणजे करारात सेवेची अट घालणं. दोन वर्षं राहा, एवढा पगार देईन. मी हे सुचवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘मग मलाही ठेवावं लागेल ना त्याला.’ हो शेठजी, तेच तर.

सरकारी दारात वचनाचं काय होतं ते भुसावळने चांगलं पाहिलं आहे. मध्य रेल्वेत शिकाऊ भरतीसाठी भुसावळचं वेगळं क्लस्टर आहे. लोको शेड, इंजिनांची कार्यशाळा, कॅरेज-वॅगन डेपो. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड, एक वर्ष प्रशिक्षण. खानदेशातल्या आयटीआयच्या पोरांना त्याचं भारी आकर्षण, कारण ‘अ‍ॅक्ट अप्रेंटिस’ झालं की रेल्वे लागली अशी एक जुनी समजूत घराघरांत आहे. प्रत्यक्षात रेल्वेने लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या शिकाऊंसाठी वीस टक्के जागा राखल्या आहेत, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. २० मार्च २०१८ रोजी सकाळी माटुंगा-दादरदरम्यान रुळांवर बसलेली पोरं याचसाठी बसली होती. वीस टक्क्यांची अट काढा आणि आम्हाला थेट घ्या, ही त्यांची मागणी होती. त्या दिवशी मुंबईची लोकल काही तास अडली म्हणून शहरभर आरडाओरडा झाला. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की वीस टक्के हे मोठंच वचन आहे, निदान लिहिलेलं आहे. ते थेट नोकरीचं नाही, हे मात्र पोरांना वर्ष संपल्यावर नाही तर सुरुवातीला सांगायला हवं होतं.

न्यायालयानेही यापलीकडे कधी पाऊल टाकलं नाही. उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या शिकाऊंचं प्रकरण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. इतर बाबी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. लोक या निकालातला ‘प्राधान्य’ शब्द लक्षात ठेवतात आणि ‘समान असतील तर’ विसरतात. पाच वर्षांनी त्याच राज्याच्या वीज मंडळाच्या शिकाऊंना न्यायालयाने सांगितलं की परीक्षा द्यावीच लागेल.

राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा हाच गोंधळ गावपातळीवर पोहोचला. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने. ग्रामपंचायतीत, शाळांत, तहसीलमध्ये पोरं बसली. नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा केली. अकराच का, हे टाइम ऑफिसात काम केलेल्या कोणालाही विचारा, तो नुसता हसेल. प्रशिक्षण संपल्यावर ती पोरं आम्हाला कायम करा म्हणून रस्त्यावर आली, तेव्हा त्यांना योजनेचा कागद दाखवला गेला. कागदात कायमचं काही नव्हतं, हे बरोबरच आहे. पण वर्षभर दाखले लिहिणार्‍या, शाळेचे वर्ग सांभाळणार्‍या माणसाला आपण कामाला आहोत असं वाटू लागलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? सरकारच जिथे कामाला प्रशिक्षण म्हणतं, तिथे कारखानदाराला कोण शिकवणार?

माझी मागणी मोठी नाही. विद्यावेतन पगाराइतकं करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक शिकाऊला नोकरी द्या असंही नाही. कलम २२ खालचं धोरण आणि मागच्या तीन वर्षांत किती शिकाऊ घेतले, किती जणांना ठेवलं, हे दोन आकडे पोर्टलवरच्या करारालाच जोडावेत. पोराने ‘मान्य’चं बटण दाबण्याआधी ते त्याच्या डोळ्यांसमोर यावेत. ज्या कारखान्यात साठातले दोन ठेवले जातात तिथेही पोरं जातील, कारण नाव मोठं असेल किंवा मशीन नवी असेल. पण ती एका वर्षाच्या शाळेत चालली आहेत हे त्यांना माहीत असेल, आणि घरी कोणी हप्त्याचं कर्ज काढणार नाही.

भाच्याला मी दोन कामं सांगितली. एक, पोर्टलवर करार आला का बघ, आणि त्यात ट्रेड फिटरच आहे ना ते वाच. दुसरं, कंपनीच्या एचआरला मेल टाक की तुमचं कलम २२चं धोरण मिळेल का, आणि गेल्या वर्षीच्या बॅचमधून किती जणांना घेतलं. तो घाबरत होता, विचारलं तर काढून टाकतील म्हणून. म्हटलं, अजून घेतलंच नाही तर काढतील कुठून.

करार आला. फिटरच होता, एक वर्ष, ७,०००. मेलचं उत्तर यायला नऊ दिवस लागले, पण आलं, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. धोरणाच्या जागी त्याच जुन्या चार ओळी होत्या, जवळपास मी एके काळी टाइप केल्या होत्या तशाच. आकडा मात्र त्यांनी दिला होता. अठ्ठावीस घेतले, तीन ठेवले.

पोरगा म्हणाला, ‘मामा, मी जातो. तिथे सीएनसी आहे, आयटीआयमध्ये नुसतीच झाकून ठेवली होती.’ मी म्हटलं, जा, पण लॉगबुकवर दर आठवड्याला सही घे, आणि बंडल बांधायला लावलं तर पहिल्याच महिन्यात आयटीआयच्या बीटीआरआयला कळव, अकराव्या महिन्यात नाही.

मग बहिणीला फोन केला. पक्की नाही, अठ्ठावीसातले तीन, असं तिला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागून मेव्हण्यांचा आवाज येत होता, काय म्हणतो म्हणून विचारत होते.

‘मंग फटफटीनं पुढला साल देखू,’ ती त्यांना म्हणाली, आणि मला विचारलं की पहाटे पाचची एसटी पारोळ्याहून अजून सुटते का.